सहा महिने उभी गाडी आणि चाकांची धपधप: चालवून जाईल का?

वाचकाचं पत्र

मी पुण्यात कोथरूडला राहते, वय ६१. आम्ही दोघं एप्रिल ते ऑक्टोबर मुलाकडे न्यू जर्सीला होतो. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी होती. निघायच्या आदल्या रात्री सोलापूरहून लग्न आटपून आलो, गाडी जागेवर लावली आणि किल्ली कपाटात टाकली. आल्यावर बॅटरी बदलली, टायरवाल्याला घरी बोलावलं. तीन टायरमध्ये हवा २४-२५ होती आणि मागच्या डाव्यात १४. त्याने स्टिकरप्रमाणे सगळ्यांत ३३ भरून दिली. आता गाडी हलली की सीटखालून धप धप धप लागतं आणि ६० च्या पुढे अख्खी गाडी थरथरते. टायरवाला म्हणतो चारही टायर बसलेत, बदलून टाका. शेजारचे म्हणतात चालवत राहा, आपोआप जाईल. आठवडाभर रोज मंडई आणि बहिणीचं घर अशी चालवतेय, काडीचा फरक नाही. टायर १८५/६५ आर १५, गाडीबरोबरचेच, सहा वर्षांचे, पण गाडी जेमतेम २६ हजार चाललीय आणि ग्रिप भरपूर आहे. पुढच्या महिन्यात दापोलीला जायचंय. कोणाचं ऐकू?

उत्तर

ताई, नमस्कार.

शेजाऱ्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, पण "चालवत राहा" म्हणजे नेमकं कसं आणि किती हे त्यांनी सांगितलेलं नाही, आणि तुम्ही आठवडाभर जे केलंत ते त्यात बसत नाही. टायरवाला चारही टायरबद्दल घाई करतोय, पण एका टायरबद्दल त्याचं म्हणणं खरं निघू शकतं. तो एक टायर कुठला हे तुम्ही पत्रात स्वतःच लिहिलंय, त्याच्याकडे येतो.

आधी टायर बसतो म्हणजे काय होतं ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं तुम्हीच ठरवू शकाल. उभ्या गाडीचं सगळं वजन चार जागांवर असतं आणि एकेका टायरची जमिनीला टेकलेली जागा साधारण तळहाताएवढी. तेवढ्या भागात गोल टायर सपाट झालेला असतो. गाडी रोज चालते तेव्हा ही सपाट जागा सारखी बदलत राहते म्हणून काही होत नाही, पण महिनोन्‌महिने एकच जागा खाली राहिली की रबर आणि रबराच्या आतले दोरे त्या आकाराला सरावतात. यात रबरापेक्षा दोऱ्यांचा हात जास्त. आजच्या बहुतेक कारच्या टायरमध्ये स्टीलच्या पट्ट्यांवरून नायलॉनचा एक थर गुंडाळलेला असतो, वेगात टायर फुगू नये म्हणून, आणि नायलॉनचा स्वभाव असा की तापलं की ते सैल पडतं आणि ज्या अवस्थेत थंड होतं ती अवस्था धरून बसतं. कपड्याला इस्त्रीने घडी पडते ना, तोच प्रकार, गरम असताना दाब आणि मग त्याच दाबाखाली थंड.

हा त्रास नवा पण नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत नायलॉनचे टायर सकाळी गाडी काढली की पहिली काही मैल धपधपायचे, रात्रभर उभं राहण्याने एवढं व्हायचं, आणि त्यामुळे तिथले गाड्या बनवणारे नवीन गाडीला नायलॉनऐवजी रेयॉनचे आणि पुढे पॉलिएस्टरचे टायर लावणं पसंत करायचे. आता नायलॉन फक्त वरच्या थरात उरलंय म्हणून एका रात्रीत आपल्याला काही जाणवत नाही. सहा महिने ही वेगळी गोष्ट आहे.

तुमच्या सोलापूरच्या उल्लेखावर मी थांबलो ते यासाठीच. अडीचशे किलोमीटर हायवेने आलेले, एप्रिलच्या गरमीत तापलेले टायर तुम्ही थेट सहा महिन्यांसाठी उभे केलेत, म्हणजे पहिल्या रात्रीच तो सपाट आकार त्यांनी थंड होता होता धरला आणि मग वरून पुण्याचा एप्रिल-मे उघड्यावर काढला. यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाहीये, दुसऱ्या दिवशी विमान असताना हे कोणाच्या डोक्यात येणार, पण सपाट जागा एवढ्या ठसठशीत का उमटल्या याचं उत्तर त्यात आहे.

आणि सुटका पण त्याच गुणात आहे. जे गरमीने बसलं ते गरमीनेच उठतं. टायर आतून नीट तापला, फिरत राहिला, तर नायलॉन पुन्हा सैल पडतं आणि आतल्या हवेच्या दाबाने टायर गोल व्हायला लागतो. पण टायर तापायला सलग वीस मिनिटं ते अर्धा तास बऱ्यापैकी वेगात चालवावं लागतं. मंडईपर्यंत दोन-तीन किलोमीटर, त्यात सिग्नल, मग गाडी तासभर उभी, मग परत दोन-तीन किलोमीटर, यात टायर कोमट सुद्धा होत नाही. असं महिनाभर केलंत तरी फरक दिसणार नाही, म्हणून "आठवडाभर चालवून काही झालं नाही" यावरून टायर गेले असं धरू नका. तुमच्या टायरना अजून संधीच मिळालेली नाही.

आता हवेचे आकडे. चांगल्या टायरमधून सुद्धा महिन्याला साधारण एक ते दोन पीएसआय हवा आपोआप कमी होते, हे नॉर्मल आहे. ३३ वरून सहा महिन्यांत २४-२५ म्हणजे आठ-नऊ गेले, महिन्याला दीडच्या आसपास, त्यामुळे त्या तीन टायरमध्ये काही बिघाड नाही. पण मागचा डावा १४ वर आला म्हणजे १९ गेले, इतरांच्या दुपटीहून जास्त. हे नुसतं उभं राहून होत नाही. तिथे कुठेतरी बारीक गळती आहे, व्हॉल्व्हची पिन, रिमची कड, नाहीतर रुतलेला एखादा खिळा. आणि हवा कमी असलेला टायर जास्त चेपला जातो, त्याची टेकलेली जागा मोठी होते, बाजूची भिंत जास्त दुमडते, त्यामुळे चारांत सगळ्यात खोल सपाट जागा याच टायरवर असणार. तुम्हाला धक्के स्टिअरिंगमध्ये न लागता सीटखालून लागतायत हे पण त्याच्याशी जुळतं, पुढच्या चाकाची थरथर हाताला लागते, मागच्या चाकाची बसायच्या जागी. म्हणजे "चारही टायर बसलेत" पेक्षा "तीन थोडे बसलेत आणि एक जास्त बसलाय, शिवाय तो गळतोय" हे मला जास्त पटतं.

पण ही धपधप टायर बसल्याचीच आहे का, हे पण एकदा तपासून घ्या, कारण उभी राहिलेली गाडी इतर कारणांनी पण थरथरते आणि टायरवाल्याला सगळी थरथर टायरचीच वाटते. सोसायटीजवळच्या एखाद्या शांत, गुळगुळीत रस्त्यावर काचा खाली करून, गाणी बंद करून २० च्या वेगाने चालवा. तुमच्या मापाच्या टायरचा घेर दोन मीटरला जरासा कमी आहे, त्यामुळे २० ला चाक सेकंदाला जवळपास तीन वेळा फिरतं. सेकंदाला तीन याप्रमाणे एकसारखी धप धप ऐकू आली, ४० ला ती दुप्पट झाली आणि ६० ला धपधप वेगळी न ऐकू येता नुसती थरथर झाली, तर ते चाकाचा गोलपणा बिघडल्याचं लक्षण. बॅलन्सिंग बिघडलं असेल तर २० ला काहीच लागत नाही, ते सहसा ८० च्या आसपास सुरू होतं. आणि फक्त ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरत असेल तर डिस्क बघावी लागेल, उभ्या गाडीच्या डिस्कला गंज धरतो, पहिल्या काही ब्रेकमध्ये खरखर होऊन तो निघून जातो, राहिला तर मेकॅनिककडे.

यावरूनच एक सांगतो, आत्ता बॅलन्सिंगला पैसे घालू नका. बॅलन्सिंगचं साधं मशीन चाकाचं वजन एका बाजूला जास्त आहे का तेवढंच बघतं, चाक गोल आहे की नाही ते बघत नाही. बसलेल्या टायरला वजनं ठोकली की मशीन शून्य दाखवेल आणि गाडी तितकीच धपधपेल, वर टायर पुन्हा गोल झाला की ती वजनं चुकीच्या जागी ठरतील. बॅलन्सिंग करायचंच, पण सगळ्यात शेवटी.

आता रस्त्यावर काढायच्या आधी मागच्या डाव्या टायरची गळती शोधा. घरी पण होतं, व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडावर साबणाचं पाणी टाका, बुडबुडा फुगत राहिला तर पिन गेलीय, ती अगदी स्वस्तात आणि दोन मिनिटांत बदलून मिळते. मग ग्रिपच्या खाचांमध्ये आणि रिमच्या कडेला तसंच बघा. रिमच्या कडेतून येत असेल तर टायर उतरवून कड घासून परत बसवावी लागते. टायर उतरलाच तर त्याला आतून हात फिरवायला सांगा, आत रबराचा काळा भुसा सुटलेला असेल किंवा भिंतीला आतून गोल पट्टा घासल्यासारखा दिसत असेल तर तो टायर कमी हवेवर चाललेला आहे, मग त्याचा विचार सोडा, तो गोल झाला तरी भरवशाचा नाही. तुमच्या टायरवाल्याने घरी येऊन जागेवर हवा भरली हे फार चांगलं झालं, अनेक जण १४ वर तशीच पंपापर्यंत नेतात आणि त्या एक-दोन किलोमीटरमध्ये टायरची वाट लागते.

चारही टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या, म्हणजे गाडीखालच्या बाजूच्या भिंती बॅटरी मारून बघा. केसासारख्या बारीक रेषा वरवर असतील तर वयानुसार चालतं, पण नख अडकेल अशा भेगा असतील, आत दोरे दिसत असतील किंवा कुठे फुगवटा असेल तर चालवून बघायचा प्रयोगच करू नका.

हे सगळं ठीक निघालं की गाडी बाहेर काढा. सकाळी टायर थंड असताना हवा ३३ आहे ना ते बघा आणि रविवारी रहदारी कमी असताना चांदणी चौकातून बायपासला लागून वाकड, रावेत, देहूरोडच्या बाजूला जा, एका बाजूने वीसेक किलोमीटर होतील, तेवढंच परत. कात्रजच्या बाजूला जाऊ नका, नवले पुलाचा उतार धडधाकट गाडीला पण धोक्याचा आहे, थरथरणारी गाडी तिथे न्यायची काही गरज नाही. पहिली पाच-सात किलोमीटर ४०-५० ने, मग ६०-७० ला सलग, डाव्या लेनमध्ये, आणि कुठल्याही कारणाने ८० च्या वर नाही. यजमानांना शेजारी बसवा आणि दर पाच किलोमीटरला धपधप कशी आहे ते त्यांना कागदावर लिहायला सांगा, कमी, तेवढीच, जास्त, एवढंच. मनाला रोज वेगळं वाटतं, कागदावरचं बदलत नाही.

या कागदावर सगळं ठरणार आहे, कारण टायर तापत गेल्यावर थरथर कुठल्या दिशेने जाते त्यावरून दुखणं ओळखता येतं. दहा किलोमीटरनंतर जरा कमी, वीसनंतर बरीच कमी, परतताना जेमतेम जाणवतेय, असं झालं तर सपाट जागा उठतायत आणि शेजारी बरोबर. थरथर तेवढीच राहिली तर एक तर जागा पक्की बसलीय नाहीतर कारण दुसरं आहे. आणि थरथर वाढत गेली तर लगेच वेग कमी करून सुरक्षित जागी बाजूला थांबा, कारण उभं राहून बसलेला टायर तापल्यावर कधी वाढीव त्रास देत नाही, आतला पट्टा सुटत चाललेला टायर देतो. सहा वर्षांच्या टायरमध्ये हे होऊ शकतं आणि ते फुटण्याआधीचं लक्षण आहे. ग्रिपच्या भागात एखादी जागा वर उचलल्यासारखी दिसेल, मग तिथून स्टेपनी लावूनच घरी या.

देहूरोडला वळायच्या आधी थांबून चारही टायरच्या भिंतीला हात लावून बघा, रिमला आणि डिस्कला लावू नका, भाजेल. चारही साधारण सारखे गरम हवेत. एकच जास्त गरम लागला तर त्याची हवा कमी झालीय किंवा तिथला ब्रेक धरतोय, सहा महिने हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे ब्रेक असे चिकटतात. गरम टायरमध्ये हवा तीन-चार पीएसआय जास्त दाखवते, ती कमी करायला जाऊ नका.

परत आल्यावर गाडी थंड होणार, आणि टायर पुन्हा वजनाखालीच थंड होणार, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी धपधप परत आलेली दिसेल. घाबरू नका, ती आदल्या दिवसापेक्षा कमी असेल आणि लवकर जाईल. अशा दोन-तीन लांब फेऱ्या आठवड्याभरात करा. तीन टायर यात सरळ होतील असं मला वाटतं. महिन्याच्या आत उभ्या राहिलेल्या गाडीचं सहसा पहिल्याच फेरीत जातं, सहा महिन्यांचं थोडं थोडं करत जातं आणि कधीकधी थोडं राहतंच, हे मनात धरून चाला.

मागच्या डाव्यासाठी मात्र एक जास्तीची युक्ती आहे आणि ती फुकट आहे. लांब फेरी मारून आलात की टायर गरम असतानाच टायरवाल्याकडून ते चाक काढून घ्या आणि त्याजागी स्टेपनी लावा. काढलेल्या चाकात हवा तशीच राहू द्या आणि ते जमिनीवर आडवं ठेवा, उभं नाही. रात्रभर ते कुठलंही वजन न घेता थंड होईल आणि गोल आकारातच घट्ट होईल. नायलॉन ज्या आकारात थंड होतं तो धरतं, एवढाच त्यातला मुद्दा. नुसतं चालवून जे चार फेऱ्यांत होत नाही ते यात कधीकधी दोनदा केल्यावर होतं. यात दुसरा फायदा असा की स्टेपनी लावून तुम्ही गाडी चालवून बघू शकता, धपधप एकदम गायब झाली तर दोषी चाक तेच, शंकाच उरत नाही. फक्त स्टेपनीची हवा आधी बघा, सहा वर्षांत तिच्याकडे कोणी बघितलेलं नसतं, आणि स्टेपनी इतर चाकांपेक्षा लहान मापाची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा आणि मोजकंच चालवा.

डोळ्यांनी बघायचं असेल तर ते पण करता येतं. गॅरेजमध्ये चाक वर उचलून घ्या, शेजारी स्टुलावर एक पेन असं धरा की टोक टायरला जेमतेम लागत नाहीये, आणि चाक हाताने हळू फिरवा. गोल टायरला पेन आणि रबरामधली फट सगळीकडे सारखी राहते. बसलेल्या टायरला प्रत्येक फेरीत एकाच जागी ती फट उघडते आणि परत मिटते, त्या जागी खडूने खूण करा. एखाद्या मिलिमीटरचा फरक असला तरी गाडीत चांगला जाणवतो, त्यामुळे "एवढंसंच तर आहे" म्हणून सोडू नका. पुढच्या लांब फेरीनंतर परत बघा, फट कमी झाली असेल तर टायर येतोय, तेवढीच असेल तर नाही. मागचं चाक फिरवायला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय हे करायचं नाही, आणि उतारावर तर नाहीच.

दोन-तीन लांब फेऱ्या आणि हा रात्रीचा प्रयोग दोनदा करून पण त्या एका टायरची फट तेवढीच राहिली, तर मग ती पक्की झाली. पुढे हजार किलोमीटर चालवून ती जाणार नाही, उलट तेवढे धक्के बेअरिंग आणि शॉकअबला बसत राहतील. तेव्हा टायर बदलायचाच, पण चार नाही, मागचे दोन. एकाच एक्सलवर एक नवा आणि एक सहा वर्षं जुना असं ठेवत नाहीत, आणि नवीन जोडी मागेच लावायची, पावसात मागची चाकं घसरली तर गाडी फिरते आणि ती सावरणं कठीण.

इथे ग्रिपबद्दल बोलायला हवं, कारण "ग्रिप भरपूर आहे" यावर तुमचा जरा जास्त भरवसा दिसतो. कमी चाललेल्या गाडीत ग्रिप शिल्लक राहते आणि रबर म्हातारं होतं. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, ३२१९ असेल तर २०१९ सालचा ३२ वा आठवडा. ते एकदा वाचा, कारण गाडी घेतली त्याच्या काही महिने आधी टायर बनलेला असू शकतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांचा टायर ग्रिप कितीही असली तरी काढावा, असा सर्वसाधारण नियम आहे. तुमचे मधल्या टप्प्यावर आहेत, आयुष्य शिल्लक असेल पण तेही उघड्यावर उन्हात गेलंय. त्यामुळे मागचे दोन आत्ता बदलावे लागले तर ते पैसे वाया गेले असं वाटून घेऊ नका, दोन-तीन वर्षांत तेवढे जाणारच होते. नवीन घेताना त्यांच्यावरचे चार आकडे पण बघून घ्या, दुकानात वर्षभर पडून राहिलेला टायर घ्यायचं कारण नाही.

दापोलीचं म्हणाल तर तारीख ठरवू नका असं मी म्हणणार नाही, महिना आहे हातात. पण ताम्हिणीचा घाट उतरायच्या आधी एक लांब फेरी अशी व्हायला हवी की थंड गाडीत पहिली पाच किलोमीटर सोडून पुढे काहीही जाणवलं नाही, आणि मागच्या डाव्याची हवा दोन-तीन आठवडे न भरता इतर तीन टायरएवढीच राहिली, कारण इतकी बारीक गळती चार दिवसांत मीटरवर दिसत नाही. हे दोन्ही झालं तर निवांत जा. तेव्हाच बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. यातलं एक जरी झालं नाही तर दोन टायर घेऊन मगच निघा.

आता पुढच्या वर्षी परत जाणार असाल, आणि ज्यांच्या गाड्या अशाच उभ्या राहतात त्या सगळ्यांसाठी पण. जायच्या आदल्या दिवशी लांबून आलात तर गाडी जागेवर लावून दोन-तीन तासांनी अर्धं चाक, म्हणजे मीटरभर पुढेमागे करा, गरम असताना टेकलेली जागा तेवढ्याने बदलते. हवा नेहमीच्या ३३ ऐवजी ४० पर्यंत भरा, टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून, आणि स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवा की आल्यावर ३३ करायची आहे. डिकीतलं सामान काढून घ्या, अनेक घरांत डिकी म्हणजे पुस्तकांचं आणि जुन्या भांड्यांचं कपाट झालेलं असतं आणि ते वजन सहा महिने मागच्या दोन टायरवर बसतं. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.

सगळ्यात उपयोगी म्हणजे दर पंधरा दिवसांनी कोणीतरी गाडी अर्धा तास चालवून आणणं. जागेवर इंजिन चालू करून दहा मिनिटं ठेवलं तर टायरला त्याचा काडीचा उपयोग नाही, बॅटरीला पण फारसा नाही. चालवणारं कोणी नसेल तर वॉचमनला किल्ली देऊन महिन्यातून दोनदा गाडी मीटरभर सरकवायला सांगा, सपाट जागा पडतील पण एका जागी खोल न पडता वेगवेगळ्या ठिकाणी उथळ पडतील आणि तुम्ही आल्यावर पहिल्या दोन फेऱ्यांत निघून जातील. त्याच्याकडे हवा मोजायचं छोटं मीटर पण देऊन ठेवा, कुठला टायर २५ च्या खाली गेला तर भरून घ्यायचा आणि तुम्हाला मेसेज टाकायचा.